रेषा एकाच जाडीची येते. वर्गणी भरावी का?

प्रश्न: माझ्याकडे ३ जीबी रॅमचा अँड्रॉइड टॅबलेट आणि रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस आहे. हौस म्हणून रेखाटते, पण रेषा एकाच जाडीची येते. क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रकलेच्या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरू का? दोन वर्षांच्या वर्गणीच्या पैशांत एक साधा पेन टॅबलेट विकत येतो.

उत्तर: वर्गणी आत्ता भरू नका. क्लिप स्टुडिओ पेंट उत्तम आहे, पण तुमची अडचण ते सोडवणार नाही. रबरी टोकाचा स्टायलस टॅबलेटला बोटासारखाच वाटतो. स्पर्श कुठे झाला एवढंच पडद्याला कळतं, किती जोरात झाला ते नाही. दाबाची माहितीच मिळाली नाही, तर कितीही महाग अ‍ॅप रेषा जाड-बारीक करणार कशी?

खात्री करायला दाबानुसार बदलणारा ब्रश घ्या आणि एक रेषा हलक्या हाताने, दुसरी जोरात ओढा. दोन्ही सारख्या आल्या, तर दोष अ‍ॅपचा नाही. बॅटरीवर चालणारे बारीक टोकाचे 'कुठल्याही पडद्यावर चालणारे' पेन बहुधा याच चाचणीत नापास होतात, म्हणून त्यांच्यावरही खर्च नको.

तूर्त आयबिस पेंट एक्स मोफत वापरा. जाहिराती सोसाव्या लागतील. स्टॅबिलायझरच्या खिडकीत `Force Fade` चालू केलंत, की रेषेची टोकं आपोआप निमुळती होतात. हा खरा दाब नव्हे, पण बाह्यरेखांना पुरतो. हळू ओढलेली तिरकी रेषा थरथरत असेल, तर स्टॅबिलायझर थोडा वाढवा. फार वाढवलात तर रेषा हाताच्या मागे रेंगाळते.

रॅमची मर्यादाही पैसे भरून हटत नाही. ए-फोर आकाराचं चित्र ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ३५ एमबी घेतो आणि २० लेयर ७०० एमबीपर्यंत जातात. मग अ‍ॅप अडखळतं किंवा अचानक बंद पडतं. सराव १५० डीपीआयवर करा, भार चौथाईवर येतो.

आता पैशांचं. वर्गणीचा बारावा हिस्सा दरमहा बाजूला टाका. २४ महिन्यांत दाब ओळखणारा, बिनपडद्याचा पेन टॅबलेट येईल आणि तो तुमच्याकडेच राहील. वर्गणी मात्र तिसऱ्या वर्षीही भरावीच लागेल. रेखाटायची सवय मोडली नसेल आणि घाई असेल, तर आधीही घ्या. फक्त घेण्यापूर्वी उत्पादकाच्या यादीत अँड्रॉइड आणि तुमचं मॉडेल आहे का, आणि तुमच्या टॅबलेटला ओटीजी, म्हणजे यूएसबीने बाहेरचं उपकरण जोडायची सोय, आहे का, हे पाहा. नजर पडद्यावर आणि हात खाली, याला हात बसायला काही दिवस लागतात.

पेन आल्यावर, कॉमिकची पानं आणि चौकटी आखण्यासारखं काम खरंच करणार असाल, तरच क्लिप स्टुडिओचा चाचणी काळ घ्या. चाचणी संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण त्याच दिवशी लावा. अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये `Payments & subscriptions` मधूनच रद्द करावी लागते.