गड्ड्याच्या जत्रेत पॅक-मॅन खेळलो. आकाशी भूत कधी अंगावर येतं, कधी पाठ फिरवून जातं. ते वाट्टेल तसं फिरतं का?

नाही. गडद निळी होऊन घाबरलेली भुतं तेवढी वाट्टेल तशी वळतात, एरवी प्रत्येकाला ठरलेलं लक्ष्य-घर असतं. आकाशी भुताचं, म्हणजे इंकीचं, लक्ष्य लाल ब्लिंकीवर अवलंबून असतं, म्हणून ते लहरी वाटतं.

पॅक-मॅनच्या तोंडासमोर दोन घरं पुढे एक बिंदू धरा. ब्लिंकीपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे वाढवा. ती संपते ते इंकीचं लक्ष्य. समजा तुम्ही उजवीकडे पळताय आणि ब्लिंकी त्याच ओळीत दोन घरं मागे आहे. बिंदूपर्यंत चार घरं, पुढे आणखी चार. लक्ष्य तुमच्या सहा घरं पुढे, म्हणजे मागून लाल, पुढून आकाशी, झाली कोंडी! तोच ब्लिंकी दहा घरं मागे असेल तर लक्ष्य चौदा घरं पुढे जातं, आणि जवळ आलेला इंकी तुम्हाला सोडून तिकडे वळतो. त्यामुळे खेळताना नजर लालवर ठेवा.

चौकात भूत फक्त पुढचं एक घर बघतं: उलटं फिरायचं नाही, उरलेल्यांपैकी जे लक्ष्याला सरळ रेषेत जवळ ते घर घ्यायचं. मध्ये भिंत आहे का, याचा विचारच नाही, म्हणून कधीकधी लांबचा वळसा घेतं.

एक गंमत: १९८० च्या मूळ मशीनमध्ये चूक राहिलीय. तोंड वर असलं की तो बिंदू दोन घरं वर आणि दोन घरं डावीकडेही सरकतो.