डोळ्यासमोर अचानक जाळं दिसू लागलं तर

प्रश्न: कालपासून उजव्या डोळ्यासमोर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तरंगतंय. दुखत नाही. थांबून पाहू का?

थांबू नका, आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आकसून मागच्या पडद्यापासून सुटतो आणि त्यातल्या तंतूंची सावली आपल्याला दिसते. बहुतेकदा प्रकरण एवढंच असतं. पण सुटताना पडदा ओढला जाऊन त्याला चीर पडू शकते, आणि पडद्याला वेदना कळत नाही. म्हणून न दुखण्यावर विसंबू नका. चीर वेळेत सापडली तर लेझरने भागतं, पडदा सुटला तर शस्त्रक्रियाच. कडेला विजेसारखी चमक, काजळी उडाल्यासारखे ठिपके किंवा बाजूने सरकणारी काळी सावली दिसली तर रात्रीसुद्धा लगेच निघा. वर्षानुवर्षं तेच एक-दोन ठिपके दिसत असते, तर मात्र एवढी घाई नव्हती.