व्याजावर व्याज नक्की कधी सुरू होतं?

प्रश्न: मी १६ वर्षांची आहे, पहिलं सेव्हिंग अकाउंट उघडतेय. ४ टक्के व्याज म्हणजे १०,००० वर वर्षाला ४००, मग चक्रवाढीने वेगळं काय होणार?

पहिल्या वर्षी फारसं काही होत नाही, ते आधीच सांगून टाकतो. मुद्दा असा की व्याज खात्यात जमा झालं की ते मुद्दल बनतं, तोपर्यंत नाही. बऱ्याच बँका रोजच्या बॅलन्सवर व्याज मोजतात, म्हणजे तुझ्या १०,००० वर दिवसाला साधारण १.१०, पण ते नुसतं बाजूला मांडून ठेवतात आणि तीन महिन्यांनी एकदम जमा करतात. त्या तीन महिन्यांत व्याजावर व्याज शून्य.

आता तिमाही जमा होतं असं धरून चल. ४ टक्क्यांचा चौथा हिस्सा १ टक्का, म्हणून पहिल्या तिमाहीला १०० येतील आणि बॅलन्स १०,१०० होईल. दुसऱ्या तिमाहीचा १ टक्का या १०,१०० वर, म्हणजे १०१. हा जो वरचा १ आहे ना, तीच चक्रवाढ, बाकी काही नाही. मग १०२.०१, मग १०३.०३, वर्षअखेर १०,४०६.०४. म्हणजे तुझ्या हिशोबापेक्षा फक्त ६ जास्त, हसू येईल एवढे.

पण काही काढलं नाहीस, काही भरलंही नाहीस आणि दर तोच राहिला, तर १० वर्षांनी १४,८८९ होतात, साध्या व्याजाने १४,००० झाले असते. २० वर्षांनी २२,१६७, साध्याने १८,०००. ३० वर्षांनी ३३,००४ आणि साध्याने २२,०००. फरक आधी ८८९, मग ४,१६७, मग ११,००४. वर्षं तिप्पट झाली, फरक बारा पटींच्या वर गेला. दर तिमाहीचं व्याज काढून खर्च केलंस की मात्र चक्रवाढ संपली, दरवेळी तेच १०० येत राहणार.

अर्थात सेव्हिंगचा दर बँक कधीही बदलते, त्यामुळे ३० वर्षांचा आकडा फक्त गणित कळण्यापुरता धर. महागाई ४ टक्क्यांच्या वर असेल तर आकडा वाढूनही त्या पैशात वस्तू कमीच येतात, तेही आहेच.

लहान खात्यात खरा घोळ चार्जेसचा असतो. मिनिमम बॅलन्स राहिला नाही म्हणून तिमाहीला २५ कापले तर १०० मधले ७५ च उरले, आणि ते २५ पुढची सगळी वर्षं व्याज कमावणार नाहीत ते वेगळंच. खातं उघडतानाच विचार की व्याज कशावर मोजता, कधी जमा करता आणि काय काय कापता.

आणि पहिली व्याजाची एंट्री स्वतः ताळून बघ: बॅलन्स गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५०० (दर नुसता ४ घ्यायचा). ९१ दिवसांची तिमाही असेल तर ९९.७३ येतं, ९२ ची असेल तर १००.८२, त्यामुळे बरोब्बर १०० दिसले नाहीत तर घाबरू नकोस. ६०-७० च दिसले तर मात्र मधे पैसे काढले होतेस का ते आधी बघ, नसतील काढले तर स्टेटमेंट घेऊन काउंटरवर जा.