तुटक बोलणं

*माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिनं मला चिठ्ठी लिहिली, 'मी मुलगी आहे असं मला आतून वाटत नाही, पण नक्की काय ते अजून कळत नाही.' ह्यांना दाखवली, तर म्हणाले रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवून एकदाचा सोक्षमोक्ष लावू. पोर तर हल्ली धड बोलतही नाही. 'मला जायचंय', 'माझं जेवण झालंय', एवढंच तुटक. काय करू?*
*— एक आई*

ताई, ते तुटक बोलणं जरा नीट ऐका. 'मी जाते'च्या जागी 'मला जायचंय'. 'मी जेवले'च्या जागी 'माझं जेवण झालंय'. मराठीत 'मी' म्हटलं की बऱ्याचदा पुढचं क्रियापदच सांगून टाकतं, बोलणारा मुलगा आहे की मुलगी. तुमचं मूल नेमकी तीच जागा चुकवतंय. दिवसभर एकेक वाक्य असं तोलायचं म्हटल्यावर ते कमीच बोलणार.

रविवारची बैठक रद्द करा. 'अजून कळत नाही' असं त्यानंच लिहिलंय, मग सोक्षमोक्ष कशाचा लावणार? सगळ्यांसमोर विचारलंत तर ते घाबरून 'काही नाही, उगाच लिहिलं' म्हणेल आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर न ठरलेली गोष्ट ठरल्यासारखी ठासून सांगेल आणि मग तिलाच धरून बसेल.

त्याऐवजी दोघंच असताना, कपड्यांच्या घड्या घालता घालता बोला. हाताला काम असलं की एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आधी कबूल करा की चिठ्ठी बाबांना दाखवली. ती तुमच्यासाठी होती, न विचारता दाखवलीत हे चुकलंच. मग एवढंच विचारा, 'तुला आलीस म्हणू, आलास म्हणू, की आणखी काही?' 'माहीत नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. 'बरं, कळेल तेव्हा सांग, नंतर बदललं तरी चालेल' म्हणा आणि विषय सोडा. महिनाभर 'आलास' ऐकून पुन्हा 'आलीस'कडे यावंसं वाटलं, तरी काही बिघडत नाही. शब्द बदलल्यानं शरीरात काही बदलत नाही. बोलताना चुकलात तर शब्द सुधारा आणि वाक्य पुरं करा. रडत माफी मागू नका, नाहीतर मुलालाच तुमची समजूत काढावी लागते.

आजी-आजोबांना, भावंडांना सांगायचं का, कोणी, कुठल्या शब्दांत, हे मुलालाच विचारा. त्याआधी कुणाकडे विषय काढू नका.

समुपदेशकाकडे जायची मुलाची तयारी असेल तर आधी फोनवर विचारा, 'तू मुलगीच आहेस, असं तुम्ही मुलाचं मन वळवता का?' 'हो' म्हणाले तर तिथे पाऊल टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, आपण मुलगी किंवा मुलगा आहोत असं आतून न वाटणं हा मानसिक आजार धरलेला नाही. मात्र झोप-जेवण सुटलं, स्वतःला इजा केलेली दिसली किंवा जगायचं नाही अशी भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि ह्यांना आज रात्रीच सांगा, रविवारी कुणालाही बोलवायचं नाही.