एसपीटीच्या एन मूल्याला कोणती दुरुस्ती आधी करायची?

प्रश्न: बोअरलॉगमध्ये ६ मीटरवर एन = २४ आहे, रेतीमिश्रित गाळ, पाणी जमिनीलगत. डिझाइनला कोणता आकडा घ्यायचा?

उत्तर: २२ घ्या. आयएस २१३१ प्रमाणे आधी वरच्या मातीच्या दाबाची दुरुस्ती. पाण्यातल्या मातीचे वजन ९ kN/m³ धरले तर परिणामी दाब ५४ kPa येतो.

```
CN = 0.77 log10(2000/54) = 1.21
N' = 24 × 1.21 = 29
N'' = 15 + 0.5(29 − 15) = 22
```

दुसरी दुरुस्ती फक्त पाण्याखालच्या बारीक रेतीला किंवा गाळाला, आणि N' १५ च्या वर असेल तरच. घट्ट बारीक रेती घणाच्या झटक्याने फुगू पाहते, पाणी तेवढ्या वेगाने आत येत नाही, म्हणून ती क्षणभर खोटी ताठ होते. जाड रेतीला ही वजावट लावू नका.

बोअरमधले पाणी भूजलापेक्षा खाली गेले असेल तर तळाची रेती उकळून सैल होते. तो कमी एन कुठल्याच सूत्राने सुधारत नाही. चाचणी पुन्हा घ्यावी लागते.