गावातल्या ज्येष्ठांच्या सत्कारात काय बोलावं?

प्रश्न: १ ऑक्टोबरला आमच्या गावात आठ ज्येष्ठांचा सत्कार आहे आणि मला चार मिनिटं बोलायचंय. दरवर्षीसारखं ठराविक न वाटता, त्यांनी गावासाठी काय केलं ते कसं सांगू?

उत्तर:

आधी वेळेचा हिशोब करा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना कमी ऐकू येतं, शिवाय मंडपातला स्पीकर घुमतो. म्हणून सावकाश बोलावं लागतं, म्हणजे मिनिटाला साधारण १०० शब्द. आठ जणांना प्रत्येकी २५ सेकंद दिले तर ३ मिनिटं २० सेकंद तिथेच जातात आणि नमस्कार-समारोपाला ४० सेकंद उरतात. माणशी चाळीसेक शब्द, म्हणजे चार-पाच छोटी वाक्यं. ‘वटवृक्षाची सावली’, ‘अनुभवाचं विद्यापीठ’ यांना त्यात जागाच नाही, आणि ते बरंच आहे. ती वाक्यं आठांपैकी कुणालाही चिकटवता येतात, म्हणून ती कुणाचीच होत नाहीत.

या चाळीस शब्दांत एकच काम सांगायचं, आणि ते आजही गावात दिसणारं हवं. ते शोधायला आठवडाभर आधी घरी जाऊन बसा. ‘तुमचं योगदान सांगा’ असं विचारलंत तर “आम्ही काय केलं बाबा, सगळ्यांनी केलं” एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, “बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठल्या कामावर होता?” आज पंचाहत्तरीत असलेली माणसं तेव्हा वीस-बावीस वर्षांची होती. मग पाझर तलाव निघतो, खडी फोडणं निघतं, सुकडी निघते, रेशनवरची लाल मिलो निघते. पुढचा प्रश्न शाळेच्या खोल्यांचा, त्यानंतरचा दूध डेअरीचा: पहिल्या दिवशी कुणाकुणाचं दूध आलं होतं? बायकांना वेगळं विचारा आणि नवरा किंवा मुलगा शेजारी नसताना विचारा, नाहीतर उत्तरं तेच देतात.

समजा एका आक्कांनी तलावाचं काम सांगितलं. मग त्यांच्यापुरतं भाषण असं होईल:

“आपल्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. बहात्तर साली त्याच्या भरावावर आक्का मातीच्या पाट्या वाहत होत्या. लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचं. आज खालच्या विहिरींना पाणी आहे, त्यात आक्कांच्या पाटीची माती आहे. आक्का, गावाचा तुम्हाला नमस्कार.”

इथे ‘कष्टाळू’ हा शब्द कुठेच नाही, तो झोळीने सांगितला. झोळी मात्र आक्कांनी स्वतः सांगितली असेल तरच घ्या. मनाने घातलेला तपशील त्यांच्या बरोबरीच्या बायका लगेच ओळखतात. आणि ‘आक्कांनी तलाव बांधला’ असंही म्हणू नका. त्या भरावावर मंडपातल्या निम्म्या घरांतली माणसं होती, कुजबुज तिथूनच सुरू होते. ‘त्या कामावर होत्या’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

सालाची खात्री दोन ठिकाणी करा. वृद्धांच्या सांगण्यात चार-पाच वर्षं इकडची तिकडे होतात. शाळेची, समाजमंदिराची कोनशिला वाचा, आणि ग्रामपंचायतीत ग्रामसभेची जुनी इतिवृत्तं असली तर पाहा. तरीही जुळलं नाही तर साल सोडून द्या. ‘शाळेला पत्रे नव्हते तेव्हा’ असं म्हटलं तरी गावाला काळ कळतो.

नावांचा क्रम वयाप्रमाणे ठेवा आणि तसं सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका. माजी सरपंच आधी घेतले की तो सत्कार राहत नाही, गटाचं राजकारण होतं. गाव ज्या नावाने हाक मारतं ते, म्हणजे तात्या, नाना, आक्का, भाषणात जरूर वापरा. पण एकदा पूर्ण नावही घ्या, आणि ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. सन्मानपत्रावर चुकलेलं नाव घरात भिंतीवर वर्षानुवर्षं राहतं.

‘उतारवय’, ‘संध्याकाळ’, ‘शेवटपर्यंत साथ’ हे शब्द काढा. हयात माणसासमोर ते श्रद्धांजलीसारखे ऐकू येतात. आठांपैकी कुणाचा जोडीदार नुकताच गेला असेल तर तेही आधी माहीत असू द्या.

एक गोष्ट भाषणाबाहेरची, पण भाषण तिथेच फसतं. आधी हळदी-कुंकू लावून ओटी भरायची पद्धत ठेवली तर विधवा आजींपाशी येऊन ताट थबकतं, आणि ते सगळा मंडप पाहतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याला आता काही वर्षं झाली. सगळ्या आजींना एकसारखी शाल आणि नारळ द्या, आणि आयोजकांशी हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

सत्कारमूर्तींना स्टेजच्या पायऱ्या चढायला लावू नका. त्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या द्या, शाल घेऊन पाहुण्यांनी खाली यावं. तुम्हीही माईक घेऊन खालीच उभे राहा आणि ज्यांच्याविषयी बोलताय त्यांच्याकडे पाहून बोला.