गल्ला, स्टॉलचं भाडं आणि टेबलावर उरलेल्या शाली

प्रश्न: मी क्रोशाच्या आणि लोकरीच्या वस्तू करते. शनिवार-रविवारच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला तर परवडतो का? न विकलेला माल तोट्यात धरायचा की नाही?

उत्तर:

दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, कारण नेमक्या याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंचं कित्येक वर्षं वाजतंय. त्यांचं म्हणणं, उरलेला माल म्हणजे घरात ठेवलेले पैसे. माझं म्हणणं, तो माल म्हणजे घातलेले पैसे आणि घातलेले तास, आणि ते परत येतील याची खात्री कुणीही दिलेली नाही.

आम्ही दोघींनी एका दोन दिवसांच्या प्रदर्शनात मिळून स्टॉल घेतला होता. भाडं निम्मं-निम्मं. त्याचा हिशेब सांगते. आकडे सोपे करून घेतलेत, चलन तुम्हाला हवं ते धरा, प्रमाण तेच राहतं. स्टॉलचं भाडं 1000, जाण्यायेण्याचा, पिशव्यांचा वगैरे खर्च 200. टेबलावर तीन प्रकारचा माल: माझ्या केसांच्या क्रोशाच्या क्लिपा 40, दर 50. बाळाच्या लोकरीच्या बुटांचे जोड 20, दर 200, ते दोघींनी मिळून विणलेले. आणि जाऊबाईंच्या 3 शाली, दर 1500. रविवारी संध्याकाळपर्यंत 30 क्लिपा आणि बुटांचे 6 जोड गेले. शाल एकही गेली नाही.

गल्ल्यात 2700 होते. जाऊबाईंनी जागच्या जागी बोटांवर हिशेब केला: "अगं, 1200 खर्च गेला, 1500 सुटले की! शिवाय 7800 चा माल अजून आपल्याच हातात आहे." हे 7800 त्यांनी चिठ्ठ्यांवरच्या किमती जोडून काढले होते. मी तिथेच वही उघडली.

विकलेल्या मालात सामान किती गेलं ते आधी. क्लिपेला धागा, पिन आणि कार्ड मिळून 10, बुटांच्या जोडाला लोकर आणि बटणं मिळून 50. म्हणजे 300 आणि 300, एकूण 600. 2700 मधून 600 सामानाचे आणि 1200 स्टॉलचे गेले की उरतात 900. जाऊबाईंचे 1500 इथेच 900 वर आले.

आता उरलेला माल. त्यात सामान गुंतलंय 2300 चं, त्यातलं 1500 एकट्या शालींमधलं. प्रदर्शनाआधी आम्ही सामानावर एकूण 2900 घातले होते, वर 1200 स्टॉलचे, आणि हातात आले 2700. म्हणजे रोकड 1400 ने कमी झाली. "1500 सुटले" आणि "खिशातून 1400 गेले", ही दोन्ही वाक्यं एकाच रविवारची आहेत. फरक सगळा सामानाचा: 600 चं विकलेल्या मालात गेलेलं आणि 2300 चं उरलेल्या मालात अडकलेलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: उरलेला माल तोट्यात धरू नका, पण चिठ्ठीवरच्या किमतीलाही धरू नका. हिशेबाचा जुना नियम आहे, शिल्लक माल त्याला आलेला खर्च आणि त्याचे खरोखर मिळतील ते पैसे, यांतला जो आकडा कमी तोच धरायचा. घरी बसून केलेल्या कामात आलेला खर्च म्हणजे मी फक्त सामान धरते. शालीत 500 ची लोकर आहे, तर ती वहीत 500 ची. दोन-तीन प्रदर्शनांत हललीच नाही आणि 300 ला काढावीशी वाटली, तर त्या दिवसापासून 300 ची. 1500 ची ती फक्त गिऱ्हाईक पैसे देईल तेव्हा.

तासांचा रकाना वेगळा ठेवा. क्लिपेला अर्धा तास लागतो, सामान वजा जाता 40 सुटतात, म्हणजे तासाला 80. बुटांचा जोड 3 तासांचा, 150 सुटतात, तासाला 50. शाल 28 तासांची, 1000 सुटतात, तासाला 36 च्या आसपास, आणि तेही विकली गेली तर. जाऊबाई नेहमी म्हणतात, "एक शाल गेली की भाडं वसूल." गणित बरोबर आहे, एका शालीत जवळपास सगळा खर्च निघतो. पण तेवढाच खर्च माझ्या 30 क्लिपांनी निघाला होता, 15 तासांच्या कामात. त्या दिवशी भाडं क्लिपांनी भरलं आणि जे 900 सुटले ते बुटांचे. आता त्या 900 ला विकलेल्या मालाचे 33 तास आणि दोन दिवस स्टॉलवर उभं राहण्याचे, मांडामांड-आवराआवरीचे साधारण 21 तास, असे 54 तासांनी भागा. तासाला 17 सुद्धा येत नाहीत. उभं राहण्याचे तास कुणी मोजत नाही. मोजाच.

मग त्या शेवटचं अस्त्र काढतात: "तुझ्या क्लिपा खपल्या त्या माझ्या शाली बघून लोक थांबले म्हणून." हे मला खरंच लागतं, कारण मी दोन्ही दिवस टेबलामागे बसून बघत होते. शालीवर हात फिरवणाऱ्या बायका वेगळ्या होत्या. त्या किंमत विचारायच्या, "सुंदर केलंय हो" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. क्लिपा घेणाऱ्या मुली सरळ क्लिपांच्या कार्डाकडे येत होत्या. बरं, शालीने माणूस थांबतो हे मान्य केलं तरी त्यासाठी एक शाल टांगलेली पुरते. उरलेल्या दोन्हींनी अर्धं टेबल अडवलं होतं आणि भाडं मात्र निम्मं-निम्मं. भागीत स्टॉल घेत असाल तर भाडं टेबलावरच्या जागेप्रमाणे वाटा आणि ते आधी ठरवा, घरातलं माणूस असेल तर आणखी आधी.

उरलेल्या मालाबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: तो उसवता येतो का, हे करायच्या आधी बघायचं. सरळ एका धाग्यात विणलेला मफलर उसवला की लोकर जवळजवळ सगळी परत मिळते. ती वळ्यावळ्यांची होते, पण सैल लडी करून चार ठिकाणी बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि टांगून वाळवायची, की बरीच सरळ होते. क्रोशाचे चौकोन जोडून केलेल्या वस्तूत मात्र प्रत्येक चौकोनाचा तुकडा वेगळा. उसवून हातात छोटे छोटे तुकडे येतात, त्यातून पुन्हा चौकोनच होतात. मोहेरसारख्या केसाळ लोकरीचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, तिच्या उसवण्याच्या नादी लागू नका. आणि भरतकाम तर संपलंच. दोरा काढला तरी कापडावर सुईची भोकं आणि रेखाटनाच्या खुणा राहतात. म्हणजे दोन वस्तूंची किंमत सारखी असली तरी उरल्यावर त्या सारख्या नसतात. भरतकामाची वस्तू पडून राहिली तर ती त्याच रूपात विकली गेली पाहिजे, म्हणून ती कमी संख्येत करायची. जाऊबाईंच्या तीनपैकी दोन शाली जोडलेल्या चौकोनांच्या होत्या, हेही इथे सांगून टाकते.

माल पडून खराबही होतो. प्रत्येक प्रदर्शनात शंभर हात लागतात. पांढऱ्या सुती वस्तूची घडी ज्या रेषेवर पडते तिथे आधी मळकट पिवळी छटा येते. उन्हातल्या स्टॉलवर वरच्या घडीचा रंग उतरतो. घडी उलगडून आतल्या बाजूशी ताडून बघा, लगेच कळतं. खऱ्या लोकरीला कसर लागते. असं काही दिसलं की वहीतली किंमत त्याच दिवशी खाली आणा, पुढच्या मोसमाची वाट बघू नका.

सेटचा घोळही असाच. टोपी-बूट असा जोड मांडला आणि गिऱ्हाईक म्हणालं "नुसती टोपी द्या", की बूट एकटे राहतात. नवी टोपी करावी तर त्याच नंबरची लोकर आणूनही रंग किंचित वेगळा येतो, कारण रंगाई वेगळ्या घाण्यातली. लोकरीच्या वेष्टनावर रंगाच्या नंबराशेजारी डाय लॉटचा नंबर असतो, तो वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक लॉटचा एक गुंडा शेवटपर्यंत मोडू नका. नाहीतर सरळ सांगायचं, सेट सुटा मिळणार नाही. मी तसंच सांगते. जाऊबाई सुटा देतात आणि मग त्यांच्याकडे एकटे बूट साठतात.

आता पहिल्या भागाचं. परवडतो का, हे स्टॉल घ्यायच्या आधी एका भागाकारात कळतं: भाडं आणि बाकी खर्च मिळून जो आकडा येईल त्याला एका वस्तूमागे सामान वजा जाता सुटणाऱ्या पैशाने भागा. आमच्या बाबतीत 1200 ला 30 क्लिपा किंवा बुटांचे 8 जोड. तेवढे तर नुसते भाड्यात जाणार. दोन दिवसांत त्याच्या दुप्पट विकले जातील असं वाटत नसेल तर तो स्टॉल घेऊ नका. काही ठिकाणी ठरावीक भाड्याऐवजी विक्रीवर टक्के घेतात. 20 टक्के असतील तर आमच्या 2700 वर 540 च गेले असते. 1000 भाड्याशी त्याची बरोबरी होते 5000 च्या विक्रीला. तेवढी विक्री होईल याचा अंदाज नसेल तोवर टक्क्यांचा स्टॉल बरा, माल उरला तरी भाडं अंगावर येत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक, मी धरलेले तास माझ्या हाताचे आहेत. तुमचे घड्याळ लावून मोजा, एका वस्तूवर नाही, सलग पाच-सहा वस्तूंवर, कारण पहिली नेहमी हळू होते. आणि धागे आत लपवणं, धुणं, आकार देऊन वाळवणं हेही त्यात धरा. दोन, मी शालींच्या विरुद्ध नाही. एक नमुना टांगा, रंगांचे छोटे तुकडे दोरीला बांधून शेजारी ठेवा आणि निम्मे पैसे आगाऊ घेऊन ऑर्डर लिहून घ्या. लोकरीचे पैसे त्यातच निघतात आणि शाल आधीच विकलेली असते. हे मी जाऊबाईंना कितीदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तयार शाल हातात घेतल्याशिवाय कुणी पैसे देत नाही." नमुना तयारच असतो की जाऊबाई, तोच हातात द्यायचा.